माईला पत्र

कोल्हापूर,
पितृपंधरवडा

चि. सौ. माईस,
आईचे अनेक आशीर्वाद.

रविवारी तू चहा तसाच ठेवून गेलीस, तेव्हापासून माझे कशात लक्ष नाही. फोनवर बोलले तर पुन्हा शब्दाला शब्द लागेल, म्हणून दादाच्या हाती हे पत्र पाठवते आहे. पिकोचे मशीन घेऊ नकोस असे मी तोडून बोलले, ते तसे बोलायला नको होते. तू आमच्याकडे पैसे मागायला आली नव्हतीस, विचार सांगायला आली होतीस. परंतु त्या दिवशी जे सांगायचे राहिले, ते नीट लिहून काढते.

राजारामपुरीच्या त्या एका खोलीत तू फॉल-बिडिंगचे काम धरलेस, याचा मला फार अभिमान आहे. ब्लाउज शिवायला घेतले असतेस तर माप घ्यायचे, घालून बघायचे, उसवायचे आणि पुन्हा बोलवायचे, आणि ते सगळे तुझे मामंजी कॉटवर पडलेले असताना. साडीला माप लागत नाही. बाईला आत यावे लागत नाही, दारातच देणेघेणे होते, चिंध्यांचा ढीग पडत नाही, आणि सुई, दोरा, कात्री, फॉल एवढे सामान एका डब्यात मावते. हे तुझे तूच ओळखलेस.

आता मशीनचा हिशोब. तू एका साडीचे शंभर रुपये घेतेस. त्यातले पंचवीस फॉलचे आणि वीस पदराच्या व आतल्या टोकाच्या पिकोसाठी बाहेर दुकानात देतेस, म्हणजे तुझ्या हाती पंचावन्न राहतात. महिन्याला चाळीस साड्या होतात असे तू म्हणालीस. मशीन घरी आले तर वाचणार ते फक्त पिकोचे वीस रुपये, म्हणजे महिन्याला आठशे, आणि हप्ता पंधराशेचा. पंच्याहत्तर साड्या झाल्या तरच हप्ता निघेल. नवरात्रात आणि लग्नसराईत त्या होतीलही, पण आषाढात होणार नाहीत, आणि मशीन मात्र बारा महिने खोलीत उभे राहील. रात्री चिमी झोपल्यावर तुला दोन तास मिळतात, नेमके तेव्हाच ते चालवता येणार नाही, कारण त्याची घरघर भिंतीपलीकडे जाते. हातशिलाईचा आवाज होत नाही. दुकानात चार साड्या एकदम नेऊन टाकायच्या आणि भाजी घेऊन परत येताना उचलायच्या, हे मला अजून परवडणारे वाटते. महिन्याला पंच्याहत्तर साड्या सलग चार महिने झाल्या, तर मी स्वतः तुझ्याबरोबर मशीन बघायला येईन.

खरे सांगायचे तर माझा जीव मशीनमध्ये अडकलेला नाही, तो लोकांच्या साड्यांत अडकलेला आहे. काम वाढले की साड्या घरात साठतात, आणि तुझ्याकडे त्या ठेवायला कपाट नाही. एका बाजूला फोडणी, दुसऱ्या बाजूला चिमीचा दुधाचा पेला, वर दोरीवर ओले कपडे. दुसऱ्याची वस्तू रात्रभर आपल्या घरात राहिली की मला झोप येत नाही, आणि त्याचे कारण तुला ठाऊक आहे, तरी लिहिते.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी शुक्रवार पेठेत शिरले, तेव्हा कॉटखालच्या पेटीत सात साड्या होत्या. श्रावणातल्या कार्यक्रमांसाठी आल्या होत्या आणि मी त्या जमवून ठेवल्या होत्या, कारण एकदम बसले की काम उरकते असे मला वाटायचे. आम्ही तुझ्या बाबांची औषधे आणि कागदपत्रे घेऊन बाहेर पडलो आणि पेटी तशीच राहिली. पाणी ओसरल्यावर सहा साड्या धुऊन निघाल्या. सातवी क्रीम रंगाची होती, तिला मी घाईत न धुतलेला लाल फॉल लावला होता, आणि त्याचा रंग काठापासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत चढला होता. ती नवरीच्या आईची साडी होती. त्या बाईंनी एक शब्द काढला नाही, पण मी वर्षभर थोडे थोडे करून पैसे फेडले. पुरावर माझा इलाज नव्हता, पण साड्या साठवणे आणि फॉल न धुणे या दोन्ही चुका माझ्याच होत्या.

म्हणून माझे एवढे ऐक. फॉल आणलास की तासभर पाण्यात बुडवून ठेव, वाळव आणि इस्त्री कर. ओला असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून बघ, फडक्याला रंग लागला तर तो फॉल फिक्या साडीला लावूच नकोस. न धुतलेला सुती फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि साडीचा काठ ओढून चुण्या पाडतो. मग बायकांना वाटते की साडीच खराब निघाली. आतल्या टोकाला एक वीत सोडून फॉल धर, आणि टाचण्या न लावता कच्चा धावदोरा घाल, कारण रेशमात टाचणीची भोके राहतात. वरच्या कडेला टाका घेताना साडीचा एकच धागा उचल, म्हणजे साडीच्या सुलट बाजूने तो दिसत नाही. खालच्या कडेचे टाके मात्र जवळजवळ घाल. तिथे लांब टाका राहिला की जोडवे अडकते आणि दोरा तुटतो. झाल्यावर साडी काठाने उचलून उजेडात धर. काठ सरळ लोंबला तर ठीक, कुठे गोळा झाला तर तिथला दोरा घट्ट ओढला गेला आहे, तेवढाच उसवून पुन्हा घाल.

बघ, मी पुन्हा शिकवायला बसले. तुझा टाका माझ्यापेक्षा बारीक आहे, हे गल्लीतल्या दोघीतिघींनी मला येऊन सांगितले आहे. माफ कर.

लहानपणी तू माझ्याशेजारी बसून सुईत दोरा ओवून द्यायचीस. एका वेळी पाच सुया ओवून उशीला टोचून ठेवायचीस आणि मग अभ्यासाला बसायचीस. लाईट गेली तर दारातल्या पायरीवर बसून आपण उरलेली कड पूर्ण करायचो, आणि तुझे बाबा आतून म्हणायचे की पोरीचे डोळे जातील. तू हे काम धरलेस असे कळले तेव्हा मला ती पायरी आठवली, आणि आनंद झाला की वाईट वाटले, ते आजही सांगता येत नाही.

आता नवरात्र तोंडावर आहे. घटस्थापनेपर्यंत बायका साड्या आणतच राहतील आणि तुला एकीलाही नाही म्हणवणार नाही. तरीही चारपेक्षा जास्त साड्या एका वेळी घरात ठेवू नकोस. पाचवीला दिवस सांग. नावनोंदणी वहीत राहते, साडी तिच्याच घरी राहते. घेताना दारातल्या उजेडात तिच्यासमोरच साडी उलगड आणि आधीचा डाग किंवा विरलेली जागा असली तर वहीत लिही. साड्या देण्याघेण्याची वेळ दुपारी तीन ते पाच एवढीच ठेव, म्हणजे मामंजींना दुपारची झोप मिळेल आणि तुलाही सारखे दार उघडावे लागणार नाही.

दादाबरोबर उशीच्या चार सुती खोळी धुऊन पाठवल्या आहेत. एका खोळीत एक साडी घाल आणि खोळ उंच खिळ्याला टांग, शेगडीच्या समोरच्या भिंतीवर नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळी दमट वास धरतो. खोळी चारच पाठवल्या आहेत, त्याचा अर्थ तुझ्या लक्षात येईल.

जावईबापूंना आणि मामंजींना नमस्कार सांग. चिमीला पापा. येत्या रविवारी येशील ना, ते दादाजवळ सांग.

तुझी,
आई