पुट्टीने ओल जात नाही

मा. संपादक,
पावसाळा सरत आला की घरमालक आणि भाडेकरू यांची ओलीवरून जुंपते. आमच्या घरमालकांना पाठवलेले पत्र इतरांच्याही उपयोगी पडावे, म्हणून आपल्याकडे देत आहे.

काका, सा. न. वि. वि.

बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीचे पुन्हा पोपडे सुटले आहेत. आम्ही खोलीत कपडे वाळवतो म्हणून ओल येते, असे तुम्ही फोनवर म्हणालात. शहानिशा करावी म्हणून भिंत पुसून कोरडी केली, तिच्यावर हातभर प्लॅस्टिकचा कागद लावला आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दुसऱ्या दिवशी पाहिले तर कागदाची खोलीकडची बाजू कोरडी आणि भिंतीकडची बाजू थेंबांनी भरलेली. खोलीतला दमटपणा असता तर नेमके उलटे झाले असते.

ओल सुरू होते ती बीमच्या खाली, सरळ रेषेत. काँक्रीट आणि विटा उन्हात सारख्या प्रसरण पावत नाहीत, म्हणून या सांध्यावर जाळी ठोकून मगच गिलावा करायचा असतो. इथे तो तडकला आहे. बाहेरचा गिलावा दोन थरांचा, साधारण 20 मिलिमीटर हवा. खिडकीतून वाकून पाहा, जिथे ढलपी पडली आहे तिथे जेमतेम एकच थर दिसतो. किल्लीने खरवडले की वाळू भुरभुर गळते, बोटाने ठोकले की पोकळ वाजते. सिमेंट कमी पडले की पाणी मारायचा कंटाळा केला, हे बिल्डरलाच ठाऊक.

गेल्या दिवाळीआधी तुम्ही पुट्टी लावून रंग काढून दिलात. रंग चांगलाच होता. पण विटांमधला क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागाशी येतो, पाणी सुकते आणि मागे उरलेला क्षार रंगाला आतून ढकलतो. आता पडणाऱ्या प्रत्येक पोपड्यामागे पांढरी भुकटी आहे. तेव्हा पुन्हा पेंटर पाठवू नका.

आधी बाहेरून काम व्हावे: सुटलेला गिलावा विटेपर्यंत काढून, सांध्यावर जाळी बसवून, वॉटरप्रूफिंग घातलेल्या मालाने नवा गिलावा, आणि त्यावर निदान सात दिवस पाणी. पाऊस थांबल्यावरच. आतला रंग त्यानंतर, भिंत पुरती वाळल्यावर. त्याला महिनाभर लागला तरी आमची हरकत नाही.

खर्चाचा भार तुमच्या एकट्यावर पडू नये. बाहेरच्या भिंतीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने करायची असते. अर्ज मात्र सभासदाने द्यायला हवा. मी सेक्रेटरींना भेटलो, तर ‘मालकांना लिहायला सांगा’ एवढेच उत्तर मिळाले. फोटो सोबत जोडले आहेत. अर्ज या महिन्यात द्यावा. आणि घर सोडताना या भिंतीचा रंग डिपॉझिटमधून कापणार नाही, एवढे लेखी कळवावे.

– एक भाडेकरू, डोंबिवली (पूर्व)