कल्याणला चढायचं ठरलं, तर तिकिटातही कल्याणच हवं

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "तिकीट सीएसएमटीपासून आहे ना, मग कल्याणला चढलो काय आणि मुंबईला चढलो काय! सीट आपलीच." मी तेव्हा हो म्हणाले, पण रात्रभर ते मनातून गेलं नाही. म्हणून लिहिते.

सीट आपली असते, पण फार वेळ नाही. चार्टमध्ये नाव असलेला माणूस सीटवर दिसला नाही, तर पुढची दोन स्टेशनं किंवा एक तास, यातलं जे आधी होईल तोवर टीसी थांबतो, अशी रूढ पद्धत आहे. तुमच्या गाडीचे थांबे बघा: सीएसएमटी, दादर, ठाणे, कल्याण. दादर आणि ठाणे झालं की दोन स्टेशनं संपली. तास पुरा व्हायची वाटच बघावी लागत नाही. कल्याणच्या फलाटावर तुम्ही बॅगा घेऊन उभे असाल, तेव्हा आईच्या खालच्या बर्थवर आरएसीचा कुणीतरी चादर पसरत असेल. आणि त्याचं चुकलेलं नसेल! पूर्वी टीसीच्या हातात कागदी चार्ट असायचा, थोडं मागेपुढे चालायचं. आता यंत्र असतं. त्यात 'आला नाही' अशी नोंद झाली की रिकामी सीट आधी आरएसीवाल्याला जाते. एकदा दुसऱ्याच्या नावावर चढलेली सीट परत मागून भांडण होतं, सीट मिळत नाही. शिवाय ही दोन स्टेशनं म्हणजे हमी नाही, हे लक्षात ठेवा.

म्हणून मी सकाळीच तिकिटात चढण्याचं स्टेशन बदलून टाकलं. माझ्या खात्यातून काढलेलं होतं, म्हणून सोपं गेलं: बुक केलेल्या तिकिटांच्या यादीत जाऊन "Change Boarding Point" दाबायचं आणि कल्याण निवडायचं. हे गाडी सुटण्याआधी वेळेत करावं लागतं. भाडं तेवढंच राहतं, परत काही मिळत नाही. पण आता टीसी तुम्हाला कल्याणलाच शोधेल.

एक गोष्ट मात्र उलटी झाली आहे. आता सीएसएमटीहून चढायचा हक्क गेला. म्हणजे बाबा, आयत्या वेळी "चल, दादरच्या काकूंना भेटून तिथूनच चढू" असं आईला म्हणू नका. डोंबिवलीहून थेट कल्याणला जा, अर्धा तास आधी पोचा. गाडी तिथे फार वेळ थांबत नाही, आणि डबा सापडेपर्यंत तुमची दोघांची पावलं एका वेगाने पडत नाहीत, हे मी जाणते.

नवा मेसेज आला असेल, त्यात कल्याण लिहिलंय का तेवढं चष्मा लावून बघा आणि मला फोन करा.

तुमची,
मनू