व्हेनिसचे उरलेले दिवस

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

"ठीक आहे, पाहून झालं," असे आई काल फोनवर म्हणाली, तेव्हापासून मन लागत नाही. जे शहर तिने इतकी वर्षे मनात जपले, त्याबद्दल तिने असे बोलावे, हे मला सहन झाले नाही. म्हणून तुम्हाला न विचारताच मी फ्लॉरेन्सची फेरी रद्द केली आहे आणि उद्यापासून तुमची खोली मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेऐवजी व्हेनिसच्या बेटावरच, जार्दीनी या बोटथांब्याजवळ घेतली आहे. कृपया रागावू नका. फ्लॉरेन्सला जाण्यायेण्यातच चार तासांहून अधिक गेले असते आणि बाबांच्या गुडघ्यांना तो प्रवास झेपला नसता. नव्या जागी लिफ्ट आहे, खोलीत गरम पाण्याची किटली आहे आणि जवळच झाडांखाली बाके असलेली मोठी बाग आहे.

तुम्ही जे पाहिले ते व्हेनिस खरेच होते, पण अकरा वाजताचे. दिवसभरासाठी येणारे प्रवासी साधारण दहाच्या सुमारास सान मार्को चौकात दाटतात आणि संध्याकाळी परततात. मेस्त्रेहून सकाळी निघणारा माणूस नेमका त्यांच्याच गर्दीत सापडतो. बेटावर राहणाऱ्याला मात्र पहाटेचा चौक मिळतो. म्हणून परवा सात वाजता एक क्रमांकाच्या बोटीने सान झाक्कारियाला उतरा, तासभर चौकात बसा आणि गर्दी होण्याआधी खोलीवर परता. दुपारी विश्रांतीच घ्यायची, बाबा, कुठेही जायचे नाही. या शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, तेव्हा थकवा शहराचा नसून पायऱ्यांचा होता, असे मला वाटते. संध्याकाळी त्याच बोटीने मोठ्या कालव्यातून शेवटपर्यंत जाऊन या. ती जवळजवळ प्रत्येक थांब्यावर थांबत हळू जाते, आणि तेच आपल्याला हवे आहे.

नंतरचा एक दिवस तोर्चेल्लो बेटासाठी ठेवा. फोंदामेंते नोवेहून बारा क्रमांकाची बोट घ्या, पण ती तोर्चेल्लोला थांबते का हे चढण्यापूर्वी विचारा, कारण प्रत्येक फेरी तिथे थांबत नाही. धक्क्यापासून कालव्याकाठची वाट सपाट आहे. तिथल्या 639 साली स्थापन झालेल्या चर्चच्या पश्चिम भिंतीवर अंतिम न्यायाचे प्रचंड मोझेक आहे. आई, मला मांडीवर घेऊन चित्रांतला एकेक माणूस दाखवायचीस, तसेच बाबांना ते खालपासून वरपर्यंत दाखव. परतीच्या बोटीची वेळ मात्र उतरताच पाहून घ्या.

दिवसाला एवढे एकच ठिकाण, त्याहून जास्त नको. इतके करूनही आईचे मन रमले नाही, तर तिने बागेत बसून वाचावे. काही पाहायचे राहिले म्हणून कोणीही वाईट वाटून घेऊ नये. बाबा, गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा, आणि रात्री फोन करा.

तुमची,
मनू