फोन ऐकतो, आपलं संकेतस्थळ ऐकत नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला मोबाइलमुळे येणाऱ्या चक्करेवरचा लेख वाचला. चक्कर येते त्यांनी मोबाइल कमी पाहावा आणि फोनमधलं अॅनिमेशन बंद करावं, एवढं सांगून लेख संपला. मी ते दीड वर्षापूर्वीच बंद केलंय. तरीही गेल्या अमावास्येला आपल्याच संकेतस्थळाने मला आडवं केलं, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आतल्या कानाच्या, तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आली होती. सूज उतरली, पण तेव्हापासून तोलासाठी मेंदू कानापेक्षा डोळ्यांवर जास्त विसंबतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. घाटात एसटी लागते ती कानाला वळणं कळतात आणि डोळ्यांसमोरचं पुस्तक मात्र स्थिर दिसतं म्हणून. माझं उलटं होतं. मी ओटीवर स्थिर बसलेली असते आणि डोळ्यांसमोरचा पडदा हलतो. आमच्या घरात कोणाला बोट लागत नाही, मला मोबाइल लागतो.

अमावास्येच्या उधाणात ओहोटीला पाणी लांब जातं आणि खडपावर कालवं काढता येतात. तिथीवरून वेळेचा अंदाज बांधता येतो, पण पाणी किती उतरणार आणि नेमकं कधी, हे आम्ही आपल्या अंकातल्या चौकटीत बघायचो. ती चौकट आपण बंद केलीत आणि तिथे ‘संकेतस्थळावर पाहा’ असं छापलंत. म्हणून पहाटे साडेपाचला पाहायला गेले. वरची फोटोंची पट्टी दर तीन-चार सेकंदांनी आपोआप सरकत होती. तिच्याखाली न विचारता व्हिडिओ सुरू झाला. बोटाने पान वर सरकवलं तर अक्षरं एका वेगाने आणि मागचा समुद्राचा फोटो दुसऱ्या वेगाने. तिथे मी खांब धरला. ओकारी झाली, ओहोटी गेली आणि संध्याकाळपर्यंत उशीवरून मान उचलवली नाही.

माझा भाचा संकेतस्थळं बनवतो. गणपतीला आला तेव्हा त्याने सगळं उलगडून दाखवलं. अँड्रॉइड फोनमध्ये Accessibility मध्ये Remove animations आहे, आयफोनमध्ये Reduce Motion. ते चालू केलं की फोनच्या स्वतःच्या खिडक्या उड्या मारत उघडायच्या थांबतात. संकेतस्थळाला मात्र फोन फक्त कळवतो, की या वाचकाला हालचाल कमी हवी आहे. हा निरोप वाचायचा तर पान बनवणाऱ्याने prefers-reduced-motion ही अट लिहावी लागते. भाच्याने आपल्या पानाच्या फायलींमध्ये हे शब्द शोधले, एकदाही सापडले नाहीत. खात्री करायला त्याने माझ्याच फोनवर दुसरं एक संकेतस्थळ उघडलं, तर तिथे तीच सरकती पट्टी एका स्थिर फोटोवर थांबलेली होती. म्हणजे फोन निरोप देत होता. आपण तो घेत नाही.

नुसती अट लिहूनही सगळं थांबत नाही, हेही त्याच्याकडूनच कळलं. जीआयएफ चित्राची हालचाल त्या फायलीच्या आतच असते, म्हणून त्याच्या जागी स्थिर चित्र वेगळं ठेवावं लागतं. व्हिडिओ आपोआप सुरू करायचा नाही, हेही वेगळं सांगावं लागतं. पण हे नवं नाही. आपोआप सुरू होणारी, पाच सेकंदांहून जास्त चालणारी आणि बाकीच्या मजकुराशेजारी हलत राहणारी गोष्ट वाचकाला थांबवता आली पाहिजे, हे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये २००८ पासून आहे. आपल्या पट्टीला थांबवायचं बटणच नाही.

सगळं निर्जीव करा असं मी म्हणत नाही. पान उघडताना फिरणारं छोटं चक्र मला त्रास देत नाही. एक फोटो हळूच विरून दुसरा आला तरी चालतो. त्रास होतो तो पडद्याचा मोठा भाग सरकतो तेव्हा, आणि सगळ्यात जास्त मागचं-पुढचं वेगवेगळ्या वेगाने पळतं तेव्हा. मागचा फोटो जागेवर ठेवलात तरी माझा अर्धा त्रास जाईल.

‘मोबाइल कमी पाहा’ हा सल्ला मला लागला, तो यासाठी. मी करमणुकीला फोन उघडला नव्हता. आपण छापणं थांबवलेली माहिती शोधत होते. आमच्या आळीतल्या निम्म्या बायका ओहोटीवर पोट भरतात आणि त्यांतल्या कित्येकींकडे असा फोनही नाही. त्या चौकटीला चार बोटं जागा लागायची. त्या जागेत आता सदनिकांची जाहिरात असते.

संकेतस्थळ दुरुस्त करायला वेळ लागेल हे मला समजतं. तोवर भरती-ओहोटीची चौकट उद्यापासून पुन्हा छापावी. पौर्णिमेचं उधाण आठ दिवसांवर आलंय.

आपली,
एक वाचक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी