मुलाखतीतली पाऊणशे शब्दांची ओळख

जळगाव,
रविवार

प्रिय मित्रा,

काय भो, पुण्याच्या कंपनीत क्वालिटीच्या जागेसाठी मुलाखत ठरली, हे वाचून फार आनंद झाला. तू प्रश्नांची मोठी यादी पाठवलीस, पण दहा दिवसांत सगळ्यांची उत्तरं पाठ करत बसू नकोस. पहिल्या प्रश्नावरच जास्त मेहनत घे: ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’ तो जवळपास हमखास विचारतात, आणि पुढचे बरेच प्रश्न तुझ्या त्याच उत्तरातून निघतात.

तू लिहिलेलं उत्तर ‘मायसेल्फ’ने सुरू होतं, मग गाव, वडिलांची केळीची बाग, भावंडं, छंद. हे सगळं काढून टाक. त्यांना तुझं काम ऐकायचंय, घरचं विचारलं तर तेव्हा सांग. ‘आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स’ हेही चुकतं. आपण ‘दोन वर्षांपासून काम करतोय’ म्हणतो, तेच जसंच्या तसं इंग्रजीत उतरतं. वर्षं मोजून सांगायची असली की ‘फॉर’ लागतो आणि क्रियापदही बदलतं. तुझ्या पाइपच्या कामावरून मी हे असं लिहिलंय:

‘आय हॅव बीन वर्किंग इन क्वालिटी कंट्रोल फॉर टू इयर्स, ॲट अ पीव्हीसी पाइप प्लांट इन जळगाव. आय डिड माय बीएस्सी इन केमिस्ट्री. एव्हरी शिफ्ट, आय मेझर द डायॲमिटर अँड वॉल थिकनेस ऑफ द पाइप्स विथ अ व्हर्निअर. लास्ट इयर, आय नोटिस्ड दॅट द वॉल वॉज थिन ऑन वन साइड. आय चेक्ट इट ॲट फोर पॉइंट्स, अँड रिपोर्टिड इट टू द प्रॉडक्शन सुपरवायझर. दे सेंटर्ड द डाय, अँड द नेक्स्ट पाइप्स वेअर ओके. नाउ आय वाँट टू वर्क इन अ बिगर लॅब.’

हे पाऊणशेच्या आसपास शब्द आहेत, सावकाश बोललास तर साधारण पाऊण मिनिट. वाक्यं मुद्दाम छोटी ठेवलीत. लांब वाक्यात ‘विच’, ‘दॅट’ करत शिरलं की शेवटी क्रियापद कुठे ठेवायचं ते सापडत नाही आणि आवाज खाली पडतो.

आता उच्चार. तुझ्या ट, ड, थ ला हात लावू नकोस. ‘थिकनेस’ आपल्या थ ने म्हटलास तरी भारतातल्या कुठल्याही माणसाला कळतं, आणि दहा दिवसांत परदेशी ढंग आणायला गेलास तर सगळंच डळमळेल. तुझ्या उत्तरात ऐकणारा अडखळेल अशा जागा तीनच आहेत.

पहिली जागा व ची. मराठीत आपला व दोन इंग्रजी आवाजांच्या मधला आहे, म्हणून ‘वॉल’ आणि ‘व्हर्निअर’ आपण एकाच व ने सुरू करतो. ‘वॉल’ म्हणताना ओठ ऊ म्हणताना होतात तसे गोल कर आणि दात ओठाला लागू देऊ नकोस: ‘उवॉल’. ‘व्हर्निअर’ला वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर टेकव आणि आवाज सोड, ओठाला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं पाहिजे. मराठीत हा आवाज ‘व्ह’ असा लिहितात म्हणून त्यात ह ची फुंकर घालतात, तशी घालायची नाही. आरशासमोर ‘वॉल, व्हर्निअर, वॉल, व्हर्निअर’ वीस वेळा म्हण. दोन्ही वेळा ओठ सारखेच हलताना दिसले तर अजून जमलेलं नाही.

दुसरी जागा ‘झीरो’ आणि ‘मेझर’ची. आपला ज किंवा झ म्हणताना जीभ टाळूकडे टेकते आणि सुटते. ‘झीरो’च्या पहिल्या आवाजात ती टेकतच नाही. घशावर बोट ठेवून लांब ‘स्स्स’ म्हण, मग तोंड तसंच ठेवून घसा थरथरेल असा आवाज जोड. भुंग्यासारखी गुणगुण आली की तोच तो आवाज. तो हवा तितका लांबवता येतो. लांबवता येत नसेल तर तू अजून ज च म्हणतोयस. ‘मेझर’मध्ये हेच ‘श्श्श’पासून कर. हे इतकं लावून धरतोय, कारण तुझ्या तोंडून ‘मेजर’ बाहेर पडतं, आणि ‘मेजर प्रॉब्लेम’मधला मेजर वेगळा. व्हर्निअरच्या झीरो एररबद्दल विचारलं तर हे दोन्ही आवाज एकाच वाक्यात येणार.

तिसरी जागा आघाताची, आणि माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची. मराठीत आपण शब्दातली अक्षरं बरीचशी सारख्या जोराने म्हणतो. इंग्रजीत एका जागी जोर पडतो, तो हलला की शब्द ओळखायला जड जातो. कारखान्यात सगळे ‘डाय-मीटर’ म्हणतात, पण जोर ‘ॲ’वर आहे: डाय-ॲ-मिटर. मोजायचं साधन असलेला मायक्रोमीटरही तसाच, माय-क्रॉ-मिटर, जोर ‘क्रॉ’वर. ‘एक्स्पीरिअन्स’मध्ये ‘पी’वर, ‘इंजिनिअर’मध्ये शेवटच्या ‘निअर’वर. उत्तराच्या कागदावर प्रत्येक मोठ्या शब्दात जोराच्या अक्षराखाली रेघ मार आणि तिथे टेबलावर बोट आपटत वाच.

भूतकाळाच्या शेवटाकडेही एकदा बघून घे. ‘चेकेड’ नाही, ‘चेक्ट’. ‘मेझरेड’ नाही, ‘मेझर्ड’. मूळ शब्द ट किंवा ड ने संपत असेल तरच जादा अक्षर येतं, जसं ‘रिपोर्टिड’.

सराव असा कर. पहिले दोन दिवस कागद बघून मोठ्याने वाच, फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐकताना फक्त वरच्या तीन जागा तपास. तिसऱ्या दिवशी कागद बाजूला ठेव आणि चिठ्ठीवर पाचच शब्द लिही: टू इयर्स, मेझर, थिन, डाय, लॅब. त्यावरून बोल. रोज वाक्यं थोडी बदलली तर उत्तमच. शब्दन् शब्द पाठ केलेल्या माणसाला कुणी मधेच टोकलं की तो पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो, आणि समोरच्याला लगेच कळतं की हे पाठांतर आहे.

म्हणून पाचव्या दिवसापासून घरच्या कुणाला तरी समोर बसव आणि मधेच थांबवायला सांग. तुझ्या उत्तरातून निघणारे प्रश्न तर दिसतातच: भिंत एका बाजूला पातळ का झाली? जाडी व्हर्निअरने का घेतलीस, मायक्रोमीटरने का नाही? पहिल्याला ‘द डाय वॉज नॉट सेंटर्ड’ एवढं पुरे. दुसऱ्यात मात्र खरी परीक्षा आहे. पाइपची आतली बाजू गोलाईची, व्हर्निअरचा सपाट जबडा तिथे कडांवर टेकतो आणि जाडी खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. गोल टोकाचा मायक्रोमीटर एका बिंदूवर टेकतो. हे तुला मराठीत झोपेतही सांगता येईल, तर इंग्रजीत तीन छोट्या वाक्यांत बसव: ‘द इनर साइड इज कर्व्ह्ड. अ फ्लॅट जॉ मे शो मोअर. सो अ बॉल मायक्रॉमिटर इज बेटर.’ प्रश्न कळला नाही तर गप्प राहू नकोस, ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ म्हण.

पगार आणि उणिवांच्या प्रश्नांना दोन-दोन वाक्यं तयार ठेव, त्यापेक्षा जास्त वेळ त्यांना देऊ नकोस.

बुधवारी रात्री जेवण झाल्यावर फोन कर. चिठ्ठी हातात ठेव, मी मधेच टोकणार आहे.

तुझा मित्र