गाडी विकली पण नाव आपलंच राहिलं

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी मी माझी जुनी मोटारसायकल ओळखीतल्याच एकाला विकली. पैसे मोजून घेतले, 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, आरसी दिली आणि विषय संपला असं समजून बसलो. फॉर्मवर घेणाऱ्याचं नाव, तारीख सगळं कोरं होतं, तो म्हणे "भाऊ, मी टाकतो ना नंतर". सात महिन्यांनी माझ्या मोबाईलवर धुळ्यातल्या हेल्मेटच्या चलनाचा मेसेज आला तेव्हा कळलं की गाडी अजून माझ्याच नावावर फिरतेय आणि तोपर्यंत ती दोन हात पुढे गेलीय. चलन मी भरलं, त्याचं दुःख नाही, पण ॲक्सिडेंट झाला असता तर? सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये सांगितलंय की गाडी विकली असली तरी रेकॉर्डला ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल, म्हणजे भरपाईची जबाबदारी माझ्यावरच आली असती. खरं तर कायद्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आमच्या तालुक्यात किती जण कळवतात हे तुम्हीच विचारून बघा.

म्हणून यंदा भाच्याने पारोळ्याच्या एका आप्पांकडून गाडी घेतली तेव्हा मी हट्टच धरला की पैसे द्यायच्या दिवशीच दोघं समोरासमोर बसून ऑनलाइन फॉर्म भरायचा. गाडी MH-19 ची म्हणजे जळगावची, भाचाही जळगाव जिल्ह्यातच अमळनेरला राहतो, त्यामुळे एनओसीची भानगड नव्हती, आणि आरसीवर कोणत्या बँकेचा बोजाही नव्हता. बोजा असता तर आधी तो उतरवावा लागला असता.

parivahan.gov.in वर गाडीचा नंबर टाकला, चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले, ओटीपी मागवला आणि तिथेच गाडं अडलं. ओटीपी आप्पांच्या फोनवर येईचना. रेकॉर्डला जो मोबाईल नंबर होता तो शोरूमवाल्याने गाडी पासिंग करताना टाकलेला, आप्पांचा नव्हताच! जुन्या गाड्यांत असं पुष्कळदा निघतं आणि लोक तिथूनच कंटाळून एजंटकडे जातात. पण त्याच साईटवर मोबाईल नंबर बदलायची सोय आहे, त्याला इंजिन नंबर, पूर्ण चेसिस नंबर, नोंदणीची तारीख आणि नोंदणी कधीपर्यंत चालू आहे ती तारीख लागते, हे सगळं आरसीवर असतं. आप्पांची आरसी घासलेली, 8 आहे की 3 हेच कळेना, मग हँडलखाली कोरलेल्या नंबरावरची माती ओल्या फडक्याने पुसली, कागद ठेवून वरून पेन्सिल घासली तेव्हा नंबर साफ उमटला. तो कागद नंतर आरटीओत चेसिसचा ठसा म्हणूनही कामाला आला.

पुढे Transfer of Ownership निवडून भाच्याचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता आणि इन्शुरन्सची माहिती भरली. आधारने घरबसल्या सगळं होतं म्हणतात, पण आप्पांच्या आधारवर पूर्ण नाव आणि आरसीवर नुसतं आद्याक्षर, त्यामुळे तो रस्ता आम्ही धरला नाही. फी भरली, ट्रान्सफरचे 150 रुपये आणि कार्डाचे वेगळे, 29-30 ची भरलेली प्रिंट काढली आणि दोघांनी सह्या केल्या. यावेळी घेणाऱ्याचं नाव छापलेल्या फॉर्मवर सही झाली, हाच मोठा फरक. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, पत्त्याचा पुरावा असं सगळं जोडून आरटीओत दिलं. अर्ज नंबर आप्पांनाही लिहून दिला, कारण नाव चढलं की नाही याची काळजी विकणाऱ्यालाच जास्त असायला पाहिजे आणि त्या नंबरवर अर्ज कुठे अडकलाय ते घरी बसून बघता येतं.

घेणाऱ्यांनी एक विसरू नये, पॉलिसीवरचं नाव आपोआप बदलत नाही. गाडी घेतल्यापासून 14 दिवसांत इन्शुरन्स कंपनीकडे अर्ज करायचा असतो, भाच्याचा हा अर्ज आम्ही दुसऱ्याच दिवशी केला.

सेकंडहँड गाड्यांच्या व्यवहारात कोऱ्या 29-30 वर सह्या घ्यायची पद्धत सगळीकडे आहे, दुकानदार तर आधी तेच मागतात. माझी विनंती एवढीच की विकणाऱ्याने कोरी सही देऊ नये, आणि तुम्ही तुमच्या पेपरात मोबाईल नंबर बदलायची माहिती एकदा ठळक छापावी. माझी ती जुनी गाडी? तिसऱ्या मालकाला शोधत मी तीन रविवार घालवले, शेवटी त्याला सोबत बसवून फॉर्म भरला आणि गेल्या महिन्यात माझं नाव निघालं.

आपला,
एक वाचक, अमळनेर