बेड किती आहेत, आणि किती वाजता रिकामे होतात

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा परिचयाचा मसुदा मिळाला. सवडीने दोनदा वाचला. नव्या पदासाठी तू लिहिलंयस, "२०० खाटांच्या रुग्णालयाचे प्रशासन, सरासरी ८० टक्के खाटांचा वापर, मानांकनप्राप्त संस्था, रुग्णप्रवाहात लक्षणीय सुधारणा, ५०० कर्मचाऱ्यांचे कुशल व्यवस्थापन." यातलं काहीच खोटं नाही, मला माहीत आहे. पण हाच मजकूर, आकडे थोडे इकडेतिकडे करून, दुसरा कोणीही देऊ शकेल. निवड समितीत रुग्णालय चालवलेला एक जरी माणूस असला तरी तो पहिल्याच ओळीवर विचारेल, "२०० म्हणजे कुठले २००?" म्हणून थोडं सविस्तर लिहितोय. तुझं खरं काम या शब्दांखाली झाकलं गेलंय, ते वर यायला हवं.

मंजूर खाटा वेगळ्या, प्रत्यक्ष मांडलेल्या वेगळ्या, आणि जिच्याजवळ तिन्ही पाळ्यांना सिस्टर हजर आहे अशी खाट वेगळी. खरी क्षमता ही तिसरी. डायलिसिसच्या खुर्च्या, इमर्जन्सीतल्या ट्रॉल्या, ऑपरेशननंतर शुद्धीवर येईपर्यंतचे बेड हे सहसा यात धरत नाहीत. तू धरलेत का, ते एका वाक्यात सांग.

८० टक्क्यांचं तर मला तुझ्याशी भांडायचंच आहे. तो आकडा मध्यरात्रीच्या गणतीवरून येतो. रात्री बाराला वॉर्डात किती पेशंट आहेत ते मोजायचं, महिनाभराची बेरीज करायची आणि उपलब्ध खाटा-दिवसांनी भागायचं. हिशोब बरोबरच आहे, पण रात्री बारा ही रुग्णालयातली सगळ्यात शांत वेळ. तुझ्याकडे रोज साधारण ४० पेशंट दाखल होतात, तेवढेच घरी जातात, आणि सरासरी मुक्काम चार दिवसांचा. ४० गुणिले ४ म्हणजे १६० बेड, तुझे ८० टक्के आले. आता दुपारी एक वाजता बघ. आज घरी जाणारे बहुतेक सगळे अजून बेडवरच आहेत, आणि उद्या-परवाच्या ऑपरेशनसाठी बोलावलेले व इमर्जन्सीतून आलेले मिळून २५ जण दारात आहेत. म्हणजे एकाच वेळी १८५ बेडची मागणी. उरलेल्या १५ मध्ये प्रसूतीचे, लहान मुलांचे, अतिदक्षतेचे, आयसोलेशनचे बेड असतात. न्यूमोनिया झालेल्या आजोबांना त्यातला एकही उपयोगाचा नाही. ते ट्रॉलीवरच राहतात आणि कागदावर रुग्णालयात ४० बेड मोकळे दिसतात.

१९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये संगणकीय प्रतिरूपावर बेतलेला एक अभ्यास आला होता. तातडीने येणाऱ्या रुग्णांसाठी सरासरी वापर ८५ टक्क्यांच्या वर गेला की बेड न मिळण्याचा धोका जाणवू लागतो आणि ९० च्या वर नेहमीच ओढाताण होते, असा त्याचा निष्कर्ष होता. हल्ली तो ८५ जिथेतिथे नियमासारखा फेकला जातो. पण लहान वॉर्डात ८० टक्क्यांनाही कोंडी होते, कारण आठ बेडच्या वॉर्डात दोन पेशंट अचानक जास्त आले तरी सामावून घ्यायला जागा नसते. तेव्हा एकूण सरासरी देऊन थांबू नकोस. दुपारचा आकडा आणि वॉर्डवार आकडा तुझ्याकडे असेल तर तोच दे.

आता रुग्णप्रवाह. तू "लक्षणीय सुधारणा" म्हणून पुढे गेलास, आणि मला त्याच्यावरच सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं. आमच्याकडे बेड वाढवायची मागणी झाली तेव्हा मी आधी एक काम केलं. सकाळपासून वही घेऊन मेडिकल वॉर्डात उभा राहिलो आणि एकाच पेशंटच्या डिस्चार्जची प्रत्येक वेळ लिहून काढली. ९.२० ला राउंडमध्ये मोठे डॉक्टर म्हणाले, "आज घरी जा." डिस्चार्जची समरी लिहिणारे ज्युनिअर डॉक्टर राउंड संपवून ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत गेले, त्यामुळे ती ११.४० ला टाइप झाली. उरलेली औषधं फार्मसीत परत जाऊन त्यांची नोंद व्हायला १२.१५ झाले. फायनल बिल १.३० ला तयार झालं. विमा कंपनीची मंजुरी ३.१० ला आली. व्हीलचेअर मिळून पेशंट बेडवरून हलला तेव्हा ३.४० झाले होते. बेड रिकामा झाल्याचं हाउसकीपिंगला कळलं ४.०५ ला, बेड पुसून चादर घालून तयार झाला ४.५० ला. सगळे मिळून साडेसात तास. यात माणसांच्या हाताला खरं काम दीड-दोन तासांचं असेल, बाकी सगळी वाट बघणं. आणि ही कामं एकामागून एक व्हावीत असं कुणी ठरवलेलं नव्हतं, ती तशी पडत गेली होती.

त्यात आणखी एक गोष्ट दिसली, जी कुठल्याच अहवालात नव्हती. दोन वाजता सिस्टरांची पाळी बदलते. दीड ते अडीच हँडओव्हर चालतो आणि त्या तासाभरात ना डिस्चार्ज पुढे सरकतो, ना खालून नवा पेशंट वर घेतला जातो. बिल नेमकं दीडला येत होतं. बिल एक तास आधी आलं असतं तर निदान कॅश भरणारे पेशंट पाळी बदलायच्या आत गेले असते.

उपाय साधेच होते. उद्या कोण जाण्यासारखं आहे हे संध्याकाळच्या राउंडमध्येच ठरवायचं आणि त्यांची समरी रात्रीच्या ड्यूटीने कच्ची करून ठेवायची. विम्याची कागदपत्रं आदल्या दिवशीच पाठवायची. सकाळच्या राउंडमध्ये घरी जाणाऱ्यांना आणि सगळ्यात आजारी असलेल्यांना आधी बघायचं. पेशंट बेडवरून उठला की सिस्टरने थेट हाउसकीपिंगला फोन करायचा, मधल्या ऑफिसातून निरोप नाही. याने काय होतं ते तुझ्याच आकड्यांवर मांडतो. रोज ४० डिस्चार्ज प्रत्येकी तीन तास लवकर झाले तर १२० बेड-तास वाचतात, म्हणजे पाच बेड. एक खाट विकत न घेता, एक भिंत न पाडता.

पण इथेच मोठी फसगत होते. "दुपारी बाराच्या आत इतके टक्के डिस्चार्ज" असं उद्दिष्ट भिंतीवर लागलं की काही युनिट्स पेशंटला संध्याकाळी पाच वाजता सोडता येत असतानाही रात्र काढायला लावतात आणि सकाळी दहाला सोडतात. टक्केवारी सुंदर दिसते. पण सरासरी मुक्काम अर्ध्या दिवसाने वाढला तर ४० गुणिले अर्धा, म्हणजे २० बेड गेले. पाच मिळवले आणि २० घालवले. हे ओळखायचं कसं? दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवायच्या. संध्याकाळचे डिस्चार्ज जवळजवळ नाहीसे झाले आहेत का, आणि त्याच महिन्यांत सरासरी मुक्काम वाढलाय का. जोडीला ३० दिवसांत परत दाखल होणाऱ्यांचं प्रमाण बघायचं, म्हणजे घाईने तर घरी पाठवत नाही ना ते कळतं. तुझ्या परिचयात बाराच्या आतली टक्केवारी देणार असशील तर सरासरी मुक्काम आणि परत दाखल होणाऱ्यांचं प्रमाण हे दोन आकडेही सोबत दे. जाणत्या माणसाला ते वाचूनच कळेल की तू काम केलंयस.

बेड मोकळा झाला तरी तो चालवायला माणूस लागतो, म्हणून कर्मचाऱ्यांचा मुद्दा मी याच्यापासून वेगळा काढत नाही. "५०० कर्मचाऱ्यांचे व्यवस्थापन" यातून काही कळत नाही. त्याऐवजी तू रोस्टर कसं बसवलंस ते सांग. सहा पेशंटमागे एक सिस्टर धर. एका जागेवर चोवीस तास कुणीतरी हजर हवं तर वर्षाला १०९५ पाळ्या भराव्या लागतात. साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता एक सिस्टर साधारण २७० दिवस कामावर असते. म्हणजे एका जागेमागे चार जणी. पाच नवे बेड उघडायचे म्हटलं की चार सिस्टर नेमायच्या, आणि तीनच नेमल्या तर चौथीच्या पाळ्या बाकीच्यांच्या डबल ड्यूटीतून निघतात. काही महिन्यांनी राजीनामे येतात ते तिथूनच. तुझ्याकडे सिस्टरांची गळती कमी झाली हे मला तू फोनवर सांगितलं होतंस, मसुद्यात त्याचा एक शब्द नाही! बदली ड्यूटीची यादी महिनाभर आधी लावायला लागलास, रजा मागायला कुणासमोर उभं राहावं लागत नाही, हे लिही. तुझी खरी कमाई तीच आहे.

मानांकनाबद्दल थोडक्यात. कुठल्या संस्थेचं, मानकांची कुठली आवृत्ती, कधीपर्यंत वैध आणि त्यात रुग्णालयाचे कुठले विभाग येतात, एवढं लिही. प्रमाणपत्राला मुदत असते, जॉइंट कमिशन इंटरनॅशनलचं तीन वर्षांचं असतं. वाचणाऱ्याला कळायला हवं की तुझ्या काळात ते पहिल्यांदा मिळालं, नूतनीकरण झालं की आयतं हाती आलं. तपासणीला येणारी माणसं ऑफिसातल्या फायलींवर थांबत नाहीत, हे तू पाहिलंच आहेस. एका पेशंटची केस उचलतात आणि तो इमर्जन्सीतून ओटीत, ओटीतून वॉर्डात जसा गेला त्याच वाटेने चालत जातात, वाटेत भेटेल त्या सिस्टरला, वॉर्डबॉयला विचारतात. हँडओव्हरची वेळ आणि सही प्रत्येक ठिकाणी सापडली पाहिजे. म्हणजे डिस्चार्जच्या वेळा लिहून ठेवायची सवय लागलेल्या वॉर्डाची त्या दिवशी अर्धी तयारी आधीच झालेली असते. हा संबंध तुला मुलाखतीत नक्की सांगता येईल.

मी तुझ्या जागी असतो तर मधला परिच्छेद असा लिहिला असता: "२०० मंजूर खाटांपैकी पूर्ण मनुष्यबळासह चालू खाटा अमुक. रोज सरासरी ४० दाखल. डिस्चार्जच्या सूचनेपासून बेड तयार होईपर्यंतचा वेळ अमुक तासांवरून अमुक तासांवर आणला. त्या काळात सरासरी मुक्काम आणि ३० दिवसांतील पुनर्दाखल्यांचे प्रमाण वाढले नाही." अमुकच्या जागी तुझे आकडे घाल. आणि वेळेची सरासरी न देता मधला आकडा, म्हणजे मध्यक दे. विम्यात अडकलेले दोन पेशंट रात्री नऊला गेले की सरासरी उगाच फुगते.

दुरुस्त करून पाठव. मुक्कामाचे आकडे गेल्या दोन वर्षांचे महिनावार काढून जोडलेस तर मी रविवारी बसून बघेन, त्यात सणासुदीचे आणि साथीचे महिने वेगळे काढावे लागतील.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझाच